आजोबांचा नंबर

“आजोबा, आधी ट्रायाजला जा,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“कितव्या मजल्यावर?” मनगट सुजलेल्या आजोबांनी विचारलं.

मजला कसला, शेजारचंच टेबल! तिथल्या सिस्टरने नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन पाहिला, बोटं हलवून घेतली आणि दुसऱ्या हाताला हिरवी पट्टी बांधली. मागून आलेल्या, छाती धरलेल्या घामाघूम माणसाला मात्र लाल पट्टी बांधून थेट आत नेलं.

“नंबर माझा होता!” आजोबा तडकले.

“त्यांचा ईसीजी १० मिनिटांत निघायला हवा, आजोबा. इथे आधी कोण आलं ते बघत नाहीत, जास्त धोका कुणाला ते बघतात.”

पट्टी कायमची नसते, हे सहसा कुणी सांगत नाही. बसल्या बसल्या बोटं बधिर झाली, गार पडली, तर सिस्टरला लगेच पुन्हा दाखवायचं. रंग बदलू शकतो.