एका जाळीचा हिशेब

सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीची ऑर्डर ठरत आली आहे. माप 1800 बाय 1500 मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने सहा बाय पाच फूट, आणि काचेची दोन शटरं. कोटेशन छापायच्या बेतात असताना गिऱ्हाईक म्हणतं, "आमच्याकडे डास फार, जाळीही टाकून द्या." विक्रेता जाळीच्या एका शटरचा भाव बेरजेत धरतो आणि सौदा पक्का होतो. नुकसान तिथेच झालेलं असतं. दोन ट्रॅकच्या चौकटीत तिसऱ्या शटरला सरकायला जागाच नसते. जाळी आली की चौकटीचा सेक्शनच बदलून तीन ट्रॅकचा घ्यावा लागतो. तो अधिक रुंद आणि वजनदार असतो, आणि ॲल्युमिनियम कारखान्यात येतं ते किलोच्या भावाने. शिवाय इतकी रुंद चौकट खिडकीच्या ग्रॅनाइटवर बसेल का, हे साइटवर कुणी बघितलेलंच नसतं.

ऑर्डरप्रमाणे माल बनवणाऱ्या कारखान्यांत प्रॉडक्ट कॉन्फिगरेटर लागतो तो अशा प्रसंगांसाठी. विक्रेत्याला पडद्यावर मोजके प्रश्न दिसतात: माप, शटरं किती, जाळी हवी की नको, काच कुठली, रंग कुठला. उत्तरं भरली की सॉफ्टवेअर त्या खिडकीला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंची यादी, म्हणजे बिल ऑफ मटेरियल्स, स्वतः तयार करतं आणि त्यावरून किंमत काढतं. रेडिमेड मालाला याची गरज नसते. तिथे प्रत्येक वस्तूला एक कोड, एक यादी, एक भाव. खिडकीचं तसं नाही. ट्रॅकचे तीन प्रकार, पाच रंग, सहा काचा आणि चार हँडलं एवढंच धरलं तरी 360 जोड्या होतात, आणि माप तर मिलिमीटरागणिक वेगळं. इतके कोड आधीच उघडून ठेवणं शक्य नाही.

म्हणून यादी तयार ठेवत नाहीत, यादी बनवायची रीत ठेवतात. सगळ्या पर्यायांचे सगळे भाग एका मोठ्या यादीत असतात आणि प्रत्येक भागापुढे लिहिलेलं असतं की तो कधी घ्यायचा आणि किती. "जाळी = हो" असेल तर तीन ट्रॅकचा सेक्शन घ्या, दोन ट्रॅकचा गाळा. मापांना सूत्रं असतात. नमुन्यादाखल एका सेक्शनचं सूत्र असं धरू: शटरची रुंदी काढायला खिडकीच्या रुंदीतून 20 मिलिमीटर वजा करून निम्मे करा, उंचीतून 80 वजा करा. आपल्या खिडकीचं शटर 890 बाय 1420 येतं. काच त्याहून दोन्ही बाजूंनी 80 ने कमी, म्हणजे 810 बाय 1340.

आता काचेकडे पाहू. एक चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरतं. आपली पाच मिलिमीटरची काच साधारण साडेतेरा किलोची झाली. गिऱ्हाइकाने रस्त्याच्या आवाजासाठी दुहेरी काच मागितली तर वजन सत्तावीस किलोंवर जातं. शिवाय मधल्या हवेच्या पोकळीसकट ती जाड काच साध्या शटरच्या खाचेत बसत नाही. म्हणजे शटरचा सेक्शन बदला, आणि वजन वाढलं म्हणून रोलरही दणकट घ्या. गिऱ्हाइकाने एक शब्द बदलला, यादीतल्या तीन ओळी बदलल्या. सूत्रात चूक राहिली तर तीही महागात पडते, कारण टफन काच भट्टीतून निघाल्यावर पुन्हा कापता येत नाही. दहा मिलिमीटर मोठी आलेली काच घासून बसवू म्हणायची सोय नाही, ती सरळ भंगारात जाते.

इथवर कॉन्फिगरेटर चोख काम करतो. किंमतीत मात्र एक जागा निसरडी आहे.

चौकटीचे चारही तुकडे एकाच सेक्शनचे आहेत असं धरू: 1800 चे दोन, 1500 चे दोन, मिळून 6600 मिलिमीटर. कॉन्फिगरेटर यादीत 6600 लिहितो आणि वर सात-आठ टक्के वेस्टेज लावतो. पण बार येतो सोळा फुटी, म्हणजे 4880 मिलिमीटरचा. एका बारमधून 1800 चा एक आणि 1500 चे दोन तुकडे निघतात, वर 80 उरतात. राहिलेल्या 1800 साठी दुसरा बार फोडावा लागतो. म्हणजे 6600 च्या चौकटीसाठी 9760 माल काढला. उरलेला तीन मीटरचा तुकडा पुढे कामी येईलही, पण तो रंग परत कुणी मागितला तर.

अशाच दहा खिडक्यांची ऑर्डर असेल तर हिशेब पालटतो. दहा बार तसेच कापायचे आणि राहिलेले 1800 चे दहा तुकडे दोन-दोन करून पाच बारांतून काढायचे. पंधरा बारांत काम होतं. एकेक खिडकी सुटी धरली असती तर वीस लागले असते. पंधरांतही वाया जातात जवळपास दहा टक्के, लावलेल्या वेस्टेजपेक्षा जास्तच. कॉन्फिगरेटर एकेका खिडकीकडे बघतो, कापणी मात्र पूर्ण ऑर्डरची होते. कापणीचं गणित करणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं आणि बहुतेक ठिकाणी ते कोटेशन गेल्यानंतर चालतं. माझ्या मते सुट्या खिडकीला वेगळा, चढा वेस्टेज दर लावणं हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. सगळ्यांना एकच टक्का लावला की मोठ्या ऑर्डरीचं गिऱ्हाईक छोट्याचा भार उचलतं, किंवा कारखाना तरी उचलतो.

दुसरी अडचण नियमांच्या वयाची. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरी तपासण्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी आर-वन नावाची प्रणाली बांधली. कंपनीत ती एक्सकॉन म्हणून ओळखली गेली आणि 1980 पासून वापरात आली. केबल राहिली, कॅबिनेट कमी पडलं, असल्या चुका ती पकडायची. सुरुवातीचे काहीशे नियम पुढे हजारोंच्या घरात गेले, कारण नवा भाग बाजारात आला की नियम बदलणं आलंच. खिडक्यांच्या कारखान्यातही सेक्शनवाल्याने खाच दोन मिलिमीटरने बदलली आणि सूत्र तेच राहिलं, तर पडद्यावर सगळं बरोबर दिसत राहतं. जुनं कोटेशन दोन महिन्यांनी उघडलं की ते कुठल्या नियमांनी मोजायचं, हाही प्रश्न उरतो. त्यासाठी दिलेल्या कोटेशनसोबत त्या दिवशीचे नियम आणि भाव गोठवून ठेवतात.

बिघाड ओळखायच्या दोन जागा आहेत. पहिली, शेरा लिहायचा रकाना. "डाव्या शटरला कुलूप हवं" असं विक्रेत्याने तिथे लिहिलं तर माणूस ते वाचतो, नियम वाचत नाहीत. कुलूप यादीत येत नाही आणि किंमतीतही नाही. तोच शेरा पुन:पुन्हा दिसू लागला की त्याचा पर्याय करायची वेळ झालेली असते. दुसरी जागा कटिंग मशीनपाशी. छापील कटलिस्टवर फोरमन पेनाने आकडे दुरुस्त करत असेल तर तो कागद फेकू नये. सूत्र कुठे चुकलं आहे ते त्याला माहीत असतं, बहुतेकदा फक्त त्यालाच.