एक जिल्हा, दोन आराखडे : भोकरहून घेतलेला मागोवा

भोकर शहराला पाणी मिळतं ते रेणापूरच्या सुधा प्रकल्पातून. त्याच पाण्यावर आसपासच्या गावांच्या शेतीचीही भिस्त आहे. शहराची योजना नगरपरिषद आखते, गावांची जिल्हा परिषद. धरण मात्र एकच. असा प्रश्न एका टेबलावर यावा म्हणूनच 1 जून 1993 रोजी अमलात आलेल्या 74व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती सांगितली. पाण्याची वाटणी, जागेचं नियोजन, पायाभूत सोयी आणि पर्यावरण हे गाव-शहराचे सामाईक विषय लक्षात घेऊन समितीने संपूर्ण जिल्ह्याचा एकच विकास आराखडा करावा, असं कलम 243 झेडडी सांगतं.

महाराष्ट्रात जिल्हास्तरावरचं नियोजन त्याच्या दोन दशकं आधी, 1974च्या सुमारास सुरू झालं होतं. तेव्हाचं जिल्हा नियोजन व विकास मंडळ पालकमंत्री, आमदार आणि अधिकाऱ्यांच्या भरवशावर चालायचं. 1998च्या जिल्हा नियोजन समिती कायद्याने चित्र बदलायला हवं होतं, कारण समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद, महापालिका आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे होते, तेही ग्रामीण-शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. अध्यक्ष मात्र पालकमंत्रीच राहिले आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी.

हे प्रमाण नांदेडला लावून पाहू. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाख 61 हजार होती. त्यात शहरी जेमतेम 27 टक्के. निवडून द्यायच्या जागा 40 धरल्या, तर ग्रामीण भागाला 29 आणि शहरी भागाला 11 येतात. शहरी लोकसंख्येतले साडेपाच लाख एकट्या नांदेड-वाघाळा महापालिकेत, म्हणजे त्या अकरातल्या सहा-सात तिकडेच जातात. उरलेल्या चार-पाच जागांत भोकर, देगलूर, किनवट, मुखेड, कंधार, लोहा अशी सगळी छोटी शहरं बसवायची. तालुक्याच्या गावाचा आवाज समितीत इतका बारीक का, याचं उत्तर या साध्या गणितात आहे. हिशेबात चूक काहीच नाही, पण ज्या छोट्या शहरांचा खेड्यांशी रोजचा संबंध येतो, तीच यात सर्वात मागे पडतात.

आता प्रत्यक्ष आराखडा कसा होतो ते पाहा. नियोजन विभाग आधी जिल्ह्याची कमाल मर्यादा कळवतो. मग कार्यान्वयन यंत्रणा आपापल्या मागण्या देतात, लहान गट त्यांची छाननी करतो, समिती प्रारूपाला मान्यता देते, आणि राज्यस्तरीय बैठकीत पालकमंत्री वाढीव निधी मागतात. निधीचा मोठा वाटा गाभा क्षेत्राला, उरलेला बिगर गाभा क्षेत्राला. प्रारूपाच्या जाड पुस्तकात ग्रामीण रस्ते एका लेखाशीर्षाखाली असतात, गावांच्या जनसुविधा दुसऱ्या, तर शहरांचं नगरोत्थान आणि दलितेतर वस्ती सुधार आणखी वेगळ्या. रकाने शेजारी-शेजारी असतात आणि शेवटी बेरीज होते. या बेरजेलाच आपण एकत्रीकरण म्हणत आलो.

त्याचा परिणाम शहराच्या हद्दीवर दिसतो. खेड्याकडून येणारा रस्ता हद्दीपर्यंत जिल्हा परिषदेचा, पुढे नगरपरिषदेचा. दोन लेखाशीर्षं, दोन प्रशासकीय मान्यता, दोन निविदा. जिल्हा परिषदेला निधी खर्चायला दोन वर्षं मिळतात. राज्य शासनाच्या कार्यालयांचा न वापरलेला पैसा 31 मार्चला परत जातो. एका बाजूचं काम मंजूर होतं तेव्हा दुसरी बाजू दायित्वाखाली दबलेली असते. म्हणून आराखडा एकत्र झाला की नाही, हे एकूण तरतुदीवरून कळत नाही. हद्दीच्या दोन्ही बाजूंची कामं एकाच वर्षात मंजूर झाली का, यावरून कळतं.

केरळने 1996पासून लोकयोजना मोहिमेत उलटा क्रम धरला: पंचायती आणि नगरपालिकांनी आधी आपले आराखडे करायचे आणि जिल्हा नियोजन समितीने ते तपासून मंजूर करायचे. आपल्याकडे निधीची मर्यादा वरून येते आणि यादी खालून. 2023मध्ये राज्याने जिल्ह्यांना दीर्घ पल्ल्याचे विकास आराखडे करायला सांगितले, हे चांगलं झालं. पण त्या वेळी नांदेडमध्ये जिल्हा परिषद आणि बहुतेक नगरपालिका प्रशासकांच्या हाती होत्या. चार पंचमांश सदस्य ज्यांच्यातून यायचे, ती सभागृहंच रिकामी होती. ही या तीन दशकांतली सर्वात मोठी तूट, असं माझं मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी स्थानिक निवडणुका घेण्याचे आदेश दिल्यावर कुठे वाट मोकळी झाली.

समितीवर निवडून येणाऱ्या ग्रामीण आणि शहरी सदस्यांना एकच विनंती: पहिल्याच बैठकीत सुधा प्रकल्पाच्या पाण्याचा, शहर आणि लाभक्षेत्रातली गावं मिळून, पुढच्या वीस वर्षांचा एकत्र हिशेब मागा, आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.