बिल एका दराचे, पैसे दुसऱ्या दराचे

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्र्यांतून ओतीव सुटे भाग परदेशी जातात. बिल डॉलरमध्ये होते आणि उधारी बहुधा दोन-तीन महिन्यांची असते. तेवढ्या काळात डॉलरचा भाव जागचा हलतो, आणि ठरलेले डॉलर पूर्ण मिळूनही रुपयांचा हिशेब जुळत नाही. हा फरक कुठे धरायचा, यात बरेच लहान निर्यातदार अडखळतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 10 फेब्रुवारीला एका फाउंड्रीने अमेरिकेतल्या ग्राहकाला माल पाठवून 20,000 डॉलरचे बिल केले. त्या दिवशी डॉलरचा बाजारभाव 85 रुपये होता, म्हणून वहीत 17 लाखांची विक्री आणि तेवढेच येणे लिहिले गेले. विक्रीचा हा आकडा आता कायमचा. पुढे डॉलर नव्वदीला जावो की ऐंशीला येवो, त्याला हात लावायचा नाही. माल विकण्याचा व्यवहार त्या दिवशी संपला. त्यानंतर उरते ते डॉलरमधले येणे, आणि दराबरोबर खाली-वर होते ते हेच.

ग्राहकाचे पैसे येण्याआधी 31 मार्च उजाडला. त्या दिवशी भाव 86 रुपये 20 पैसे होता. हिशेबाच्या नियमाप्रमाणे, म्हणजे लेखा मानक 11 नुसार, वर्षअखेरीला परकीय चलनातले येणे त्या दिवशीच्या दराने पुन्हा मोजावे लागते. येणे झाले 17 लाख 24 हजार. वरचे 24 हजार विनिमय नफा म्हणून त्याच वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात गेले. हातात दमडी आलेली नसताना नफा दाखवायचा, हे मालकाला खटकते. पण ताळेबंदातले येणे त्या तारखेच्या खऱ्या किमतीला दिसावे, यासाठीच हा नियम आहे.

12 मे रोजी पैसे आले. बँकेने दर लावला 84 रुपये 60 पैसे, म्हणजे 20,000 डॉलरचे 16 लाख 92 हजार. तुलना मात्र फेब्रुवारीच्या 17 लाखांशी करायची नाही, मार्चअखेरच्या 17 लाख 24 हजारांशी करायची. म्हणून नव्या वर्षात तोटा 32 हजारांचा. दोन्ही वर्षे मिळून निव्वळ फटका 8 हजारांचा.

हे 8 हजार सगळे बाजाराने नेले का? 12 मे रोजी बाजारात डॉलर समजा 84 रुपये 90 पैसे होता. बँक आपल्याकडून डॉलर विकत घेताना थोडा कमी भाव देते, तिने इथे 30 पैसे मागे ठेवले. वीस हजार डॉलरवर ते झाले 6 हजार रुपये. म्हणजे भाव उतरल्याचा भुर्दंड फक्त 2 हजारांचा, बाकीचे बँकेचे मार्जिन. वहीत दोन्ही विनिमय तोट्याच्याच खात्यात जातात, पण मालकाने ते वेगळे करून पाहावेत. रुपया-डॉलरशी घासाघीस करता येत नाही, बँकेशी करता येते.

आणखी एक गुंता असा की खात्यात आले 19,975 डॉलरचेच पैसे. मधल्या बँकेने 25 डॉलर कापून घेतले. हे 2,115 रुपये बँक खर्चात लिहायचे, विनिमय तोट्यात नाही. ते 25 डॉलर खर्चात न टाकता सोडून दिले, तर ग्राहकाच्या नावावर नसलेली बाकी दिसत राहते.

चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. ग्राहकाच्या खात्यात डॉलरची बाकी शून्य, पण रुपयांत काहीतरी उरलेले, असे दिसले की फरकाची नोंद राहून गेली आहे. टॅलीमध्ये हीच रक्कम ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` या नावाने उभी राहते. ती मोडायला काही जण थेट विक्रीचे बिलच मिळालेल्या रकमेला जुळवतात. त्याने विक्री खोटी होते आणि जीएसटीच्या विवरणाशीही मेळ बसत नाही. तसाही मालाच्या निर्यातीत जीएसटीसाठी सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला दर धरतात, त्यामुळे तिथली विक्री आणि वहीतली विक्री यांत थोडा फरक असणारच. तो कागदावर समजावून ठेवावा, पुसू नये.

भाव घसरण्याची धास्ती असेल, तर बिल करतानाच बँकेकडे फॉरवर्ड करार करून पुढचा दर आज बांधून घेता येतो. मात्र डॉलर वधारला तर तो फायदाही सोडावा लागतो, आणि ग्राहकाने पैसे लांबवले तर करार पुढे ढकलण्याचा किंवा मोडण्याचा खर्च अंगावर येतो. म्हणून जो ग्राहक तारीख पाळतो, त्याच्याच बिलासाठी हा करार परवडतो.