परदेशी पुरवठादार म्हणतो, 'पैसे कमी आले'

विठ्ठलवाडी, उल्हासनगर पट्ट्यात छोट्या मशीनसाठी सुटे भाग परदेशातून मागवणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

समजा इन्व्हॉइस 5,000 डॉलरचं आहे. तुमच्या बँकेने तेवढेच डॉलर पाठवले, पण पुरवठादार म्हणतो 4,975 आले. लगेच 25 डॉलर पुन्हा पाठवू नका. आधी बँकेकडून पेमेंटची स्विफ्ट कॉपी मागा. तिच्यात दोन गोष्टी पाहा: पाठवलेली रक्कम आणि शुल्क कोणी भरायचं. SHA असेल, तर आपल्या बँकेचं शुल्क आपण भरतो, आणि वाटेतली मध्यस्थ बँक आपलं शुल्क रकमेतूनच कापू शकते. OUR असेल, तर सगळं शुल्क आपल्यावर. तरीही कपात झाली तर बँकेकडे तक्रार करता येते.

गंमत अशी, की आपल्या कॉपीवर पूर्ण 5,000च दिसतात, कारण कपात पुढे होते. म्हणून पुरवठादाराकडून त्याच्या बँकेची जमा-सूचना मागवा. त्याचं खातं युरोमध्ये असेल, तर तिथल्या बँकेने कोणत्या दराने डॉलर बदलले तेही तीत दिसतं. दरातला फरक आणि शुल्क या वेगळ्या बाबी आहेत. दोन्ही एकत्र मोजल्या की हिशेब कधीच जुळत नाही.

पुरवठादाराला कॉपी पाठवताना इन्व्हॉइस क्रमांक आणि UETR हा 36 अक्षरी क्रमांक जरूर लिहा. त्यावरून बँकांना पेमेंटचा माग काढता येतो. पुढच्या ऑर्डरला मात्र शुल्क कोणाचं, हे इन्व्हॉइसवरच लिहून घ्या.