सहाव्या ओळीचा प्रश्न : छायाचित्राच्या दिनदर्शिकेची मांडणी

भिंतीवर टांगायच्या छायाचित्र-दिनदर्शिकेचे काम बहुतेक ठिकाणी छायाचित्राच्या निवडीपासून सुरू होते आणि तारखांचा तक्ता उरलेल्या जागेत बसवला जातो. हा क्रम उलटा असायला हवा, कारण छायाचित्राला किती जागा मिळेल हे छायाचित्रकाराच्या इच्छेवर ठरत नसून महिन्याला किती आठवडे स्पर्श करतात यावर ठरते. रविवारपासून सुरू होणाऱ्या सात स्तंभांच्या तक्त्यात बहुतेक महिने पाच ओळींत मावतात. मात्र एकतीस दिवसांचा महिना शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू झाला, अथवा तीस दिवसांचा महिना शनिवारी सुरू झाला, तर सहावी ओळ लागते. इ. स. २०२६ या वर्षात फेब्रुवारी रविवारी सुरू होऊन नेमक्या चार ओळींत संपतो, तर मे आणि ऑगस्ट यांना सहा ओळी हव्यात. वर्षाची मांडणी ठरवताना म्हणूनच सर्वांत अडचणीचा महिना आधी हाती घ्यावा, आणि त्या वर्षी तो मान ऑगस्टकडे जातो.

१ ऑगस्ट २०२६ रोजी शनिवार आहे. पहिल्या ओळीत त्यामुळे सहा चौकटी रिकाम्या राहतात आणि एकच तारीख येते, तर शेवटच्या ओळीत रविवारी ३० आणि सोमवारी ३१ अशा दोनच तारखा उरतात. गणकपत्रकात, म्हणजे संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात, तक्त्याच्या पहिल्या चौकटीत कोणती तारीख पडेल हे पुढील सूत्राने काढता येते :

```
=DATE(2026,8,1)-WEEKDAY(DATE(2026,8,1))+1
```

याचे उत्तर २६ जुलै २०२६ असे येते. प्रत्येक पुढच्या चौकटीत एक दिवस मिळवत गेले की तक्ता आपोआप भरतो आणि मागच्या-पुढच्या महिन्यांच्या तारखा फिक्या करणे किंवा गाळणे एवढेच हाताने करायचे उरते. गेल्या वर्षीचे पान नक्कल करून तारखा सरकवण्याच्या सवयीपेक्षा ही रीत कितीतरी सुरक्षित आहे, कारण त्या सवयीत चुकलेला एक वार पुढच्या सगळ्या महिन्यांत शिरतो.

आता कागदाचा हिशेब पाहावा. उभ्या ए-३ कागदाची रुंदी २९७ आणि उंची ४२० मिलिमीटर असते. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांचे आडवे छायाचित्र तीनास दोन या प्रमाणात असते, म्हणून ते पूर्ण रुंदीत लावल्यास १९८ मिलिमीटर उंची घेते आणि खाली २२२ मिलिमीटर उरतात. त्यातून महिन्याचे नाव, वारांची पट्टी आणि खालचा समास यांसाठी ४७ मिलिमीटर काढले की तारखांच्या ओळींसाठी १७५ मिलिमीटर मिळतात. पाच ओळी असतील तर प्रत्येक ओळ ३५ मिलिमीटर उंच होते, सहा असतील तर जेमतेम २९. दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर समास सोडल्यास चौकटीची रुंदी साडेएकोणचाळीस मिलिमीटरच्या आसपास पडते.

सहाव्या ओळीला जागा देण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग छायाचित्र कापण्याचा. ओळीची उंची ३५ मिलिमीटरच ठेवायची तर छायाचित्राची उंची १६३ मिलिमीटरवर येते, म्हणजे एक षष्ठांशाहून थोडा अधिक भाग जातो आणि तो बहुधा आकाशाचा किंवा पायथ्याचा असतो, ज्यावर चित्राचा तोल उभा असतो. दुसरा मार्ग शेवटच्या तारखा मागे आणण्याचा, म्हणजे २३ आणि ३० एकाच चौकटीत बसवण्याचा किंवा ३० व ३१ या तारखा पहिल्या आठवड्याच्या रिकाम्या जागी छापण्याचा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या 'कालनिर्णय'सारख्या पंचांगयुक्त दिनदर्शिकांमुळे ही दुसरी पद्धत मराठी घरांच्या डोळ्यांना सवयीची आहे, कारण तेथे वार डाव्या कडेला एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. आडव्या ओळींच्या तक्त्यात मात्र १ तारखेच्या आधी ३० तारीख दिसणे गोंधळाचे ठरते. तिसरा मार्ग ओळी दाबण्याचा, आणि छायाचित्र-दिनदर्शिकेसाठी तोच योग्य आहे. तक्त्याची बाहेरची चौकट बाराही महिने एकाच जागी राहते, छायाचित्र अखंड राहते आणि दोनच महिने ओळींची उंची थोडी घटते.

ही घट सोसते की नाही याची कसोटी १५ ऑगस्टच्या चौकटीत लागते. त्या शनिवारी स्वातंत्र्य दिनाबरोबर शहेनशाही पंचांगानुसार पारशी नववर्षही आहे, त्यामुळे एका चौकटीत दोन सुट्ट्यांची नावे मावली पाहिजेत. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता यावा म्हणून अंक १२ मिलिमीटर उंच धरला आणि वर तीन मिलिमीटर सोडले, तर २९ पैकी १४ मिलिमीटर उरतात. देवनागरीत वेलांटी वर आणि उकार खाली जात असल्याने दोन ओळींना किमान दहा मिलिमीटर द्यावे लागतात. नावे बसतात, पण दूधवाल्याचा हिशेब लिहायला त्या चौकटीत जागा राहत नाही. एका दिवसापुरती ही तडजोड मान्य करण्यासारखी आहे.

सुट्टी ठळक करताना सगळेच लाल करण्याचा मोह आवरावा. रविवारचा अंक लाल, सार्वजनिक सुट्टीचा अंक लाल आणि चौकटीला फिकी छटा, तर सुट्टी नसलेल्या सणाचे नाव फक्त काळ्या लहान अक्षरांत, असे तीन दर्जे पुरतात. त्या हिशेबाने १७ ऑगस्टची नागपंचमी आणि २८ ऑगस्टचे रक्षाबंधन तिसऱ्या दर्जात जातात. छपाईतला लाल रंग किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या दोन ठशांनी तयार होतो. ते ठसे केसभर सरकले तरी बारीक अक्षरांना दुहेरी कडा येते, म्हणून लाल रंग मोठ्या अंकापुरताच ठेवावा. चौकटीतील छटा इतकी हलकी असावी की तिच्यावर पेनाने लिहिलेले वाचता येईल. चकचकीत आर्ट पेपरवर शाई पुसली जाते, त्यामुळे लिहिण्यासाठी बिनचमकीचा कागद बरा.

छायाचित्राच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत फाइलच्या आकाराने होते. इंचाला ३०० बिंदू या प्रमाणाने २९७ मिलिमीटर रुंदीसाठी सुमारे ३,५०० बिंदूंची रुंदी लागते. संदेशातून आलेले छायाचित्र पुष्कळदा १,६०० बिंदूंच्या आसपास आकसलेले असते. ते पडद्यावर सुरेख दिसते आणि कागदावर चेहऱ्याच्या कडा विरघळतात, म्हणून मूळ फाइलच मागून घ्यावी. छपाईनंतर कडा कापताना पांढरी रेघ राहू नये यासाठी छायाचित्र तीन बाजूंना तीन-तीन मिलिमीटर बाहेर वाढवावे लागते. वरच्या कडेला तारेच्या बांधणीची भोके पडत असल्याने तिथल्या पंधरा मिलिमीटरांत कोणाचे डोके किंवा मंदिराचा कळस येऊ देऊ नये.

सुट्ट्यांच्या तारखा मात्र मांडणी करणाऱ्याच्या हातात नसतात. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ अन्वये राज्याची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना निघते, आणि दिनदर्शिका त्याआधीच छापायला जावी असा व्यापाऱ्यांचा आग्रह असतो. चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या सणांचा प्रश्न तर अधिसूचनेनंतरही सुटत नाही. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची ५ सप्टेंबरची सुट्टी अनंत चतुर्दशी लगेच दुसऱ्या दिवशी असल्यामुळे मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत ८ सप्टेंबरला हलवण्यात आली, तेव्हा भिंतीवरच्या सगळ्या दिनदर्शिका छापून आठ-नऊ महिने झाले होते. २०२६ मध्ये ही ईद २६ ऑगस्टच्या सुमारास अपेक्षित आहे. तिच्या चौकटीत छटा द्यावी, पण नावाशेजारी तारा छापून तक्त्याच्या तळाशी 'चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो' अशी ओळ घालावी. तीच प्रत गोव्यात जाणार असेल तर १९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनासाठी तक्त्याचा वेगळा ठसा करावा लागतो, छायाचित्राचा नाही. त्यामुळे तक्ता आणि चित्र संगणकावर पहिल्यापासून वेगवेगळ्या थरांत ठेवणे सोयीचे पडते.