घेराचा घागरा खाली असमान का होतो?

सुती कापडाचा चौकोन घ्या. काठाला समांतर ओढलात तर तो जेमतेम हलतो, आडवा ओढला तर किंचित जास्त. पण कोपरा धरून तिरपा ओढा, लगेच लांबतो आणि मधून अरुंद होतो. धागे ताणले जात नाहीत. ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना छेदतात तिथला काटकोन मोडतो, चौकटीचा समभुज चौकोन होतो. ४५ अंशांच्या या दिशेला शिंपी उरेब म्हणतात.

पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात अख्खे पोशाख उरेब कापले. कापड स्वतःच्या वजनानेच खाली ओढलं जाऊन अंगाला बिलगतं, चुण्या घालाव्या लागत नाहीत.

त्रास होतो तोही याच गुणामुळे. पूर्ण गोल घागरा एकाच कापडातून कापला तर घेरात चार जागा उरेब येतात. मधल्या जागी धागा सरळ उभा लटकतो. सरळ जागा तशीच राहते, उरेब जागा मात्र लोंबतात. शिवाय ताणा आणि बाणा क्वचितच सारखे पिळाचे नि जाडीचे असतात, म्हणून त्या चार जागाही सारख्या उतरत नाहीत.

म्हणून चांगला कारागीर कमरपट्टी लावून घागरा दिवसभर टांगतो, घालायला देऊन जमिनीपासून पट्टीने माप घेतो आणि मगच खाली दुमड घालतो. घाईत हे टाळलं जातं. उरेब शिवणीतला दोरा ताणत नाही, त्यामुळे ती आखडते किंवा तुटते. बारीक झिगझॅग टाका तिथे बरा.