घर एक, वाटे तीन

आईवडील मृत्युपत्र न करता गेले. दादा त्यांच्या घरातच राहतो, ताई सासरी आणि धाकटा पुण्यात. घराची किंमत किती, यावरून वर्षभर अबोला. अशा वेळी धाकट्याने दोघांना लिहिलेलं पत्र असं असू शकतं:

‘दादा, ताई, हिंदू वारसा कायद्यानुसार आपल्या तिघांचा हिस्सा सारखाच आहे. ताईचं लग्न झालं म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. पण घराच्या भिंती तिघांत वाटता येणार नाहीत. म्हणून प्रत्येकाने आपल्याला पटणारी किंमत बंद पाकिटात लिहावी. ज्याचा आकडा मोठा, त्याने घर घ्यावं आणि त्याच आकड्याचा तिसरा हिस्सा इतर दोघांना द्यावा.’

समजा, ताईने ६०, धाकट्याने ६६ आणि दादाने ७२ लाख लिहिले. घर दादाला आणि इतर दोघांना प्रत्येकी २४ लाख. ताईच्या हिशेबाने तिचा वाटा २० लाखांचा, धाकट्याच्या हिशेबाने त्याचा २२. दोघांनाही अपेक्षेपेक्षा जास्तच मिळतं. आकडा फुगवला तर घर महाग पडतं, मुद्दाम पाडला तर ते हातचं जातं.

अडचण रोख रकमेची. एखाद्याला घर हवं असतं, पण कर्ज मिळत नाही. म्हणून पैशांची मुदत आधीच ठरवावी आणि ती टळल्यास घर विकून रक्कम वाटावी. आईच्या आजारपणात कोणी खर्च केला असेल, तर त्याचा हिशेब पाकिटं उघडण्यापूर्वीच मिटवावा. शेवटी हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं. तोंडी शब्दावर घर नावावर होत नाही.